मंदी आषाढात, चणचण दिवाळीआधी: तीन वर्षांच्या रोजमेळावरून दुकानाचा हंगामी निर्देशांक

कापूस-सोयाबीनच्या गावात किराणा दुकान चालवणाऱ्याला विचारलं, की वर्षातला सगळ्यात अवघड महिना कोणता, तर उत्तर येतं जुलै. पेरणी झालेली असते, लोकांच्या हातात पैसा नसतो, गिऱ्हाईक कमी आणि उधारी जास्त. विक्रीपुरतं हे खरं आहे. पण दुकानाची तिजोरी सगळ्यात रिकामी होते ती जुलैत नाही, तर ऑक्टोबरच्या शेवटी, ऐन दिवाळीचा माल भरायच्या वेळी. विक्रीचा तळ आणि पैशाचा तळ यांच्यात तीन महिन्यांचं अंतर असतं. हे अंतर आधी कळलं तर त्याची तजवीज उन्हाळ्यातच करता येते. त्यासाठी लागतो तो हंगामी निर्देशांक, आणि तो काढायला तीन वर्षांचे रोजमेळ पुरतात.

निर्देशांक म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. वर्षाच्या सरासरी महिन्याला १०० धरायचं आणि प्रत्येक महिना त्याच्या मानाने किती, ते लिहायचं. जुलैचा निर्देशांक ७५ म्हणजे जुलैत सरासरी महिन्याच्या पाऊण पट विक्री. बाराही महिन्यांची बेरीज १२०० येते.

पुढची आकडेमोड यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या गावातल्या किराणा दुकानाची समजा. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे मी गोल धरले आहेत. तुमच्या वहीतले आकडे वेगळे येतील, रीत हीच राहील.

आधी वही साफ करा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ. बहुतेक दुकानांत रोजमेळात रात्रीचा गल्ला लिहिलेला असतो आणि त्यालाच विक्री समजलं जातं. गल्ला म्हणजे विक्री नव्हे. त्यात जुनी उधारी परत आलेली असते, आज उधार दिलेला माल नसतो, मोबाइलवरून आलेले पैसे नसतात, आणि दिवसभरात कुणाला गल्ल्यातून पैसे दिले असतील तर तेही नसतात.

बाजाराच्या एका दिवसाचं पान बघू. रात्री गल्ल्यात ६,९०० रुपये आहेत. सकाळी सुट्यांचे ५०० टाकले होते, ते वजा. दुपारी तेलवाल्याला गल्ल्यातून ३,००० दिले, ते परत मिळवायचे. म्हणजे दिवसभरात रोख आले ९,४००. त्यातले २,१०० जुन्या उधारीचे. फोनवर ३,२५० जमा झाले. नवीन उधारी १,८५० गेली.

विक्री: ९,४०० − २,१०० + ३,२५० + १,८५० = १२,४००.
जमा: ९,४०० + ३,२५० = १२,६५०.

हे दोन आकडे प्रत्येक महिन्याचे वेगवेगळे हवेत. एका स्तंभात विक्री, दुसऱ्यात जमा. विक्रीवरून माल किती भरायचा ते ठरतं, जमेवरून पैसा कधी कमी पडेल ते कळतं. हे दोन्ही एकत्र झालं तर नोव्हेंबर-डिसेंबरची विक्री फुगलेली दिसते, कारण कापसाचे चुकारे हाती आले की लोक पावसाळ्यातली उधारी फेडतात. ती फेड विक्री समजून डिसेंबरला माल भरला, तर तो संक्रांतीपर्यंत फळीवर पडून राहतो.

तीन वर्षांचं रोजचं पान मागे जाऊन सोडवणं शक्य नसेल, तर महिन्याच्या पातळीवर करा. उधारीच्या खतावणीतून महिन्याची नवी उधारी आणि वसुली काढा, बँकेच्या उताऱ्यातून फोनवरची जमा घ्या. एखाद्या महिन्याचं पानच नसेल, तर त्या महिन्याची खरेदीची बिलं आणि फळीवरच्या मालातला फरक यांवरून अंदाज बांधा आणि त्या आकड्याला खूण करा. घरात लग्न होतं किंवा आजारपणामुळे दुकान दहा दिवस बंद होतं, असे महिनेही खुणेचे. तो आकडा हंगाम सांगत नाही, घरची अडचण सांगतो.

निर्देशांक काढणं

२०२३, २०२४ आणि २०२५ ही तीन वर्षं घेऊ. आपल्या दुकानाची महिन्याची सरासरी विक्री पहिल्या वर्षी ३,००,०००, दुसऱ्या वर्षी ३,३०,००० आणि तिसऱ्या वर्षी ३,६०,०००. प्रत्येक महिन्याच्या विक्रीला त्याच वर्षाच्या सरासरीने भागायचं आणि १०० ने गुणायचं. जुलै २०२४ ची विक्री २,४४,२०० होती. भागिले ३,३०,०००, गुणिले १००, म्हणजे ७४.

महिन्याची विक्री त्याच वर्षाच्या सरासरीने भागायची, हे विसरू नका. तीन वर्षांच्या जुलैंचे रुपये सरळ एकत्र केले, तर भाववाढ आणि धंद्याची वाढ आकड्यात मिसळते आणि मोठ्या उलाढालीचं वर्ष बाकीच्यांवर भारी पडतं.

संगणकावर किंवा फोनवरच्या एक्सेलमध्ये करायचं असेल, तर पहिल्या स्तंभात महिने आणि पुढच्या तीन स्तंभांत तीन वर्षांची विक्री भरा. पहिलं सूत्र पाचव्या स्तंभात लिहून उजवीकडे आणि खाली ओढा, दुसरं आठव्या स्तंभात:

```
E2:  =B2/AVERAGE(B$2:B$13)*100
H2:  =AVERAGE(E2:G2)
```

आपल्या दुकानाचा तक्ता असा येतो:

| महिना | २०२३ | २०२४ | २०२५ | सरासरी |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | १०६ | १०४ | १०५ | १०५ |
| फेब्रुवारी | ९६ | ९७ | ९५ | ९६ |
| मार्च | ९४ | ९६ | ९५ | ९५ |
| एप्रिल | १०८ | १०६ | १०७ | १०७ |
| मे | ११२ | १०८ | ११० | ११० |
| जून | ८८ | ९० | ८६ | ८८ |
| जुलै | ७६ | ७४ | ७५ | ७५ |
| ऑगस्ट | ८२ | ९० | १०४ | ९२ |
| सप्टेंबर | १०६ | १०० | ८८ | ९८ |
| ऑक्टोबर | ९८ | १३० | १४२ | १२३ |
| नोव्हेंबर | १३६ | १०७ | ९४ | ११२ |
| डिसेंबर | ९८ | ९८ | ९९ | ९८ |

एप्रिल-मे वर चढलेत ते लग्नसराईमुळे आणि वर्षाचं तिखट, हळद, डाळ, पापड-कुरड्यांचं सामान याच दिवसांत भरलं जातं म्हणून. जून-जुलै खाली, कारण घरातला पैसा बियाण्याला आणि खताला गेलेला असतो.

आता तक्ता आडवा वाचा. जानेवारी, मार्च, जुलै यांची तिन्ही वर्षं जवळजवळ सारखी आहेत. त्यांच्या सरासरीवर विश्वास ठेवता येतो. पण ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचे आकडे इकडेतिकडे उड्या मारतात. ऑक्टोबर ९८ पासून १४२ पर्यंत जातो. अशा ठिकाणी १२३ ही सरासरी कुठल्याच वर्षाची नाही. १० ते १५ अंकांपेक्षा जास्त फरक दिसला की थांबायचं आणि कारण शोधायचं.

सण सरकतात, महिना सरकत नाही

इथे कारण पंचांगात आहे. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. दिवाळीची खरेदी सणाआधीच्या पंधरवड्यात होते. त्यामुळे २०२३ मध्ये ती बहुतेक नोव्हेंबरात पडली, पुढच्या दोन वर्षांत ऑक्टोबरात. पोळ्याचंही तेच. २०२३ च्या अधिक श्रावणामुळे तो १४ सप्टेंबरला गेला, २०२४ ला २ सप्टेंबर, २०२५ ला २२ ऑगस्ट. पोळ्याच्या पुरणाची चणाडाळ आणि गूळ, त्यामागून महालक्ष्म्यांचं सामान, ही सगळी विक्री सणाबरोबर महिना बदलते.

उपाय सोपा आहे. जोडी करा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळवून बघा: २३४, २३७, २३६. ऑगस्ट आणि सप्टेंबर: १८८, १९०, १९२. उड्या संपल्या. म्हणजे गावाची सणाची खरेदी दर वर्षी तेवढीच आहे, फक्त ती कोणत्या महिन्यात पडते ते बदलतं. जोडीचा आकडा पक्का धरायचा आणि तो दोन महिन्यांत वाटताना येणाऱ्या वर्षाचं पंचांग समोर ठेवायचं.

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. हे वर्ष २०२३ च्या जवळचं, फक्त दिवाळी चार दिवस अलीकडे. म्हणून २०२३ ची वाटणी घेऊन थोडा भाग ऑक्टोबरकडे सरकवू: ऑक्टोबर १०५, नोव्हेंबर १३१, बेरीज २३६. पोळाही यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणून ऑगस्ट ८३, सप्टेंबर १०७.

याचं रुपयांत मोल बघा. २०२६ ची महिन्याची सरासरी ३,८०,००० धरू. गेल्या दोन वर्षांत ती तीस-तीस हजारांनी वाढली, पण त्यात भाववाढही आहे, म्हणून मी हात आखडता ठेवला. आंधळी सरासरी घेतली तर ऑक्टोबरची विक्री ४,६७,४०० आणि नोव्हेंबरची ४,२५,६०० येते. पंचांग बघून घेतली तर ३,९९,००० आणि ४,९७,८००. म्हणजे सरासरीच्या भरवशावर ऑक्टोबरात ६८,४०० रुपयांच्या विक्रीचा माल आधीच भरला गेला असता, तोही पैसा सगळ्यात कमी असताना. आणि दिवाळीच्या आठवड्यात ७२,२०० रुपयांच्या विक्रीचा माल कमी पडला असता.

यंदा आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे. या महिन्यात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे मेच्या उत्तरार्धातल्या लग्नाच्या मोठ्या याद्या येणार नाहीत. काही लग्नं आधी उरकतील, काही पुढे जातील. दुसरीकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावणं, वाण देणं असतं, त्याला गूळ, चणाडाळ आणि अनारशांचे तांदूळ लागतात. तीन वर्षांच्या आकड्यांत मे महिन्यात अधिक मास एकदाही आलेला नाही, त्यामुळे निर्देशांक याबद्दल काही सांगू शकत नाही. इथे वही उघडून गेल्या वर्षांत १७ मेनंतर किती लग्नांच्या याद्या गेल्या ते मोजा, आणि यंदा ज्या घरी लग्न आहे तिथे तारीख विचारून घ्या. गावात हे विचारायला अवघड नसतं.

निर्देशांकावरून माल भरणं

दुकानाचा एकंदर निर्देशांक प्रत्येक जिन्नसाला लावू नका. चहापत्ती, मीठ, अंगाचा साबण वर्षभर १०० च्या आसपास फिरतात. गूळ, चणाडाळ, रवा, मैदा, साखर, तेल सणाला उसळतात. नोव्हेंबरचा १३१ म्हणजे साबण एकतीस टक्के जास्त मागवायचा असं नाही. तेवढी उसळी मोजक्या पाच-सहा जिनसांनी आणलेली असते आणि त्यांचा स्वतःचा निर्देशांक १३१ च्या बराच वर असतो. म्हणून ज्या जिनसांत तुमचा जास्त पैसा अडकतो, त्यांचा वेगळा निर्देशांक काढा. दहाच्या वर जाऊ नका, नाहीतर काम पुरं होत नाही.

जिनसांचा निर्देशांक रुपयांत न काढता नगात किंवा किलोत काढा. कारण तेलात दिसेल. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क एकदम वाढवलं, कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं आणि दिवाळीच्या तोंडावर तेल महागलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तेलाचे रुपये वाढलेले दिसतील, पण ते लोकांनी जास्त तेल नेलं म्हणून नव्हे. पिपे मोजले की भावाचा गोंधळ निघून जातो.

मागणी ठरवताना हिशेब असा: पुढचा माल येईपर्यंत होणारी विक्री, अधिक थोडा राखीव, वजा फळीवर असलेला माल. राखीव किती, हे तक्त्यातल्या तीन आकड्यांच्या फरकावरून ठरवा. चहा, साबण टिकतात, त्यांच्यासाठी तिन्हींतला मोठा आकडा धरला तरी चालतं, उरलेला माल पुढच्या महिन्यात खपतो. रवा-मैद्याला पावसाळी हवेत कीड लागते. त्यांच्यासाठी मधला आकडा धरा आणि गरज पडली तर दुसऱ्या खेपेला आणा. ठोक दुकानापर्यंत जाण्याचं गाडीभाडं किडलेल्या पोत्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता पैसा

जमेच्या स्तंभाचाही याच रीतीने निर्देशांक काढा. आपल्या दुकानाचा तो जूनमध्ये ७६, जुलैत ५८, ऑगस्टात ६६, सप्टेंबरात ८४, ऑक्टोबरात १००, नोव्हेंबरात १३८ येतो, आणि पुढे जानेवारीपर्यंत वरच राहतो. विक्रीच्या शेजारी ठेवून बघा: जुलैत विक्री ७५ आणि जमा ५८. मधले अंक उधारीत गेले.

जमेची महिन्याची सरासरी ३,७५,००० धरू, विक्रीपेक्षा थोडी कमी, कारण काही उधारी अडकतेच. माल विक्रीच्या सरासरी ८८ टक्क्यांत पडतो. खरेदी साधारण पंधरा दिवस आधी होते, म्हणून अर्धी या महिन्याच्या आणि अर्धी पुढच्या महिन्याच्या विक्रीसाठी. दुकानाचा आणि घरचा खर्च मिळून महिन्याला ३८,०००. आकडे हजारांत:

| २०२६ | जमा | खरेदी | खर्च | महिन्याचा फरक | एकूण तूट |
|---|---|---|---|---|---|
| जून | २८५ | २७३ | ३८ | −२६ | −२६ |
| जुलै | २१८ | २६४ | ३८ | −८४ | −११० |
| ऑगस्ट | २४८ | ३१८ | ३८ | −१०८ | −२१८ |
| सप्टेंबर | ३१५ | ३५४ | ३८ | −७७ | −२९५ |
| ऑक्टोबर | ३७५ | ३९५ | ३८ | −५८ | −३५३ |
| नोव्हेंबर | ५१८ | ३८३ | ३८ | +९७ | −२५६ |

शेवटचा स्तंभ नीट बघा. जुलैअखेर तूट लाखाच्या घरात आहे, ऑक्टोबरअखेर साडेतीन लाखांच्या. मधल्या काळात विक्री वाढते, पण वाढत्या विक्रीला माल आधी आणावा लागतो आणि त्याचे पैसे कापूस विकल्यावरच येतात. गिऱ्हाईक वाढलेलं असताना ठोकवाल्याकडे हात पसरावा लागतो, तो यामुळे.

हे साडेतीन लाख मे महिन्याच्या अखेरीस कुठे आहेत, हा खरा प्रश्न. नोव्हेंबर ते मार्च याच दुकानात जमा जास्त आणि खरेदी कमी असते, म्हणजे पैसा शिल्लक पडतो. पण हिवाळ्यात हाती आलेला तो पैसा घराच्या बांधकामात, शेतात, लग्नात जातो. माझं म्हणणं एवढंच, की ऑक्टोबरच्या तुटीचा आकडा डिसेंबरातच कागदावर लिहून तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि उरलेल्या पैशावर घरचे बेत आखावेत. तेवढी बाजूला निघत नसेल, तर बँकेकडे कॅश क्रेडिटची मर्यादा मागा. त्यात जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरली, तेवढ्यावरच व्याज लागतं, आणि हंगामी गरजेला तेच सोयीचं. मुद्रा योजनेत किशोर गटात ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत कर्ज बसतं. अर्ज उन्हाळ्यात करा. बँकेच्या साहेबांपुढे वरचा तक्ता ठेवला, की रक्कम किती, कधी लागेल आणि कधीपासून परत फिरेल, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

उधारीची मर्यादाही याच तक्त्यावरून ठरवता येते. जुलै-ऑगस्टात महिन्याला २०,००० ची उधारी कमी दिली, तर ऑक्टोबरची तूट चाळीस हजारांनी घटते. मात्र गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेलं तर विक्रीही घटते, हे धरून चाला.

कुठे फसतं

हा तक्ता ज्या गावचा, त्याच गावाला लागू. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पैसा बागेच्या बहारावर येतो, भंडारा-गोंदियात धानावर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या मजुरीवर. दुसऱ्याचा निर्देशांक उचलू नका.

पीकच गेलं तर विक्रीचा हंगाम थोडा दबतो, पण जमेचा पार कोलमडतो. वसुली पुढच्या वर्षावर जाते. ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने सोयाबीन गेलं किंवा पऱ्हाटी पिवळी पडली, तर नोव्हेंबरचा जमेचा १३८ त्याच दिवशी खोडून ११० धरा आणि दिवाळीची मागणी त्या हिशेबाने करा. गावात नवं दुकान उघडलं असेल, तर हंगामाचा आकार तोच राहतो पण पातळी खाली येते.

पातळी तपासायची रीत सोपी आहे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचे निर्देशांक मिळून २९६ होतात. समजा या तीन महिन्यांत प्रत्यक्ष विक्री १०,८०,००० झाली. भागिले २९६, गुणिले १००, म्हणजे वर्षाची सरासरी सुमारे ३,६५,००० निघते, धरलेल्या ३,८०,००० पेक्षा पंधरा हजारांनी कमी. नोव्हेंबरचा अंदाज लगेच ४,९७,८०० वरून ४,७८,००० च्या आसपास येतो. हाच हिशेब जूनअखेर पुन्हा करा, आणि एकदा पोळा उरकल्यावर, दिवाळीच्या मालाची यादी ठोकवाल्याकडे जाण्याआधी.